साडेअकरा गोण्या

घर बांधणाऱ्या माणसाला सल्ला देणारे जितके भेटतात, तितके लग्न जमवतानाही भेटत नसतील. आम्ही तर घरही बांधत नव्हतो. स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीवरचे पत्रे काढून स्लॅब टाकायचा, एवढाच बेत. खोली आतून साडेदहा बाय साडेआठ. चारही बाजूंच्या नऊ इंची भिंतींवर स्लॅब टेकवला की बाहेरून 12 बाय 10, म्हणजे 120 चौरस फूट. मोठ्या शहरात एवढ्या जागेत लोक गाडी लावतात. पण ‘स्लॅब’ म्हटलं की सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात मामला प्रतिष्ठेचा होतो आणि चहा पिऊन जाणारा प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो, “सिमेंट किती लागणार?”

सळई किती, सेंट्रिंग कसं, हे कोणी विचारत नाही. मिस्त्री म्हणाले, सोळा गोण्या. थोरले काका म्हणाले, दहा. सोळा म्हणजे त्यातल्या सहा मिस्त्रीच्या घरी जाणार. समोरच्या अण्णांनी दोघांची समजूत काढत तेरावर तोड केली. जमिनीच्या भांडणात होते तशी.

खरं तर तोडीची गरज नव्हती, गुणाकाराची होती. 120 चौरस फूट आणि जाडी पाच इंच, म्हणजे पन्नास घनफूट काँक्रीट, जवळजवळ 1.42 घनमीटर. एकास दीडास तीन या प्रमाणात, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी घेतली, तर घनमीटरला सिमेंटच्या साधारण आठ गोण्या लागतात. आमच्या स्लॅबला आल्या साडेअकरा. अर्धी गोणी दुकानात मिळत नाही म्हणून बारा, आणि सांडलवंड, कडेची भर, वरची घोटाई यांसाठी आणखी एक. अण्णांचा तेराचा आकडा अचूक निघाला. तो त्यांनी कुठल्याही हिशोबाविना काढला होता, हे ते अजून अभिमानाने सांगतात. शंभर चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबला साडेनऊ गोण्या हे गणित ज्याला पाठ असेल, त्याला मिस्त्रीचं ऐकताना चेहरा सरळ ठेवणं जमतं.

मिस्त्री मात्र लबाड नव्हते, हे सांगितलं पाहिजे. त्यांचे सोळा आले होते घमेल्यातून. साइटवर माप घमेल्याचं चालतं, आणि घमेलं कसं भरायचं हे भरणाऱ्याच्या मनावर असतं. सकाळी आठला सपाट भरलेलं घमेलं अकरा वाजता शिगोशीग भरलं जातं आणि दुपारी जेवणानंतर अर्धवट. वाळू-खडीचं माप असं डळमळीत असल्यामुळे मिस्त्री मनाच्या समाधानासाठी सिमेंट वाढवतात. त्यापेक्षा लाकडी फर्मा करून त्याने मोजणं स्वस्त पडतं, पण फर्म्याचं नाव काढलं की गँगमधली पोरं असं बघतात, जणू त्यांच्या जेवणातली भाकरी मोजायला घेतली.

वाळूची गोष्ट निराळी. खडी आणि वाळू ब्रासने येते. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. आम्हाला खडी लागत होती बेचाळीस घनफूट, म्हणून अर्धा ब्रास मागवली. वाळू एकवीस घनफूट, म्हणजे पाव ब्रासला थोडी कमीच. नदीची वाळू आता दुर्मीळ, म्हणून क्रश सँड घ्यायचं ठरलं. ट्रॅक्टरवाल्याला पाव ब्रास म्हटल्यावर त्याने फोन ठेवलाच नाही, पण बोललाही नाही. शेवटी म्हणाला, “अर्ध्याच्या खाली डिझेल सुटत नाही.” अर्धा ब्रास आली.

ट्रॉली आली की तिच्या आत सळईचा तुकडा चार-पाच ठिकाणी खुपसून उंची मोजावी, हे काकांनी शिकवलं. मधे डोंगर असतो आणि कडेला दरी. नुसता मधला डोंगर मोजला तर सगळी ट्रॉली डोंगराच्या भावाने घेतली जाते. लांबी, रुंदी, सरासरी उंची यांचा फुटांत गुणाकार करून शंभराने भागायचं. इथवर काकांचं बरोबर होतं. पण त्यांना ओल्या वाळूचं वावडं नव्हतं. “ओली बरी, धूळ उडत नाही,” असं त्यांचं मत. आणि ओली वाळू फुगते. पाण्याचा पातळ थर कणाकणांभोवती बसतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि तीच वाळू पंचवीस टक्क्यांपर्यंत जास्त जागा व्यापू शकते. बारीक वाळू तर त्याहून अधिक फुगते. पैसे जातात त्या फुगण्याचे. वर मालातही तेवढी वाळू कमी पडते, कारण फर्मा भरलेला दिसला तरी आत हवा असते.

खात्री करायची तर लोणच्याची काचेची बरणी घ्यावी. ओली वाळू हलक्या हाताने बोटभर जागा ठेवून भरावी, पातळीवर खूण करावी. मग ती बाहेर काढून बरणी अर्धी पाण्याने भरावी आणि तीच वाळू त्या पाण्यात सोडून ढवळावी. वाळू पूर्ण बुडाली की फुगवटा संपतो आणि ती खुणेच्या खाली बसते. जेवढी खाली बसली, तेवढी हवा आपण वाळूच्या भावाने घेतली. आमच्या बरणीत ती चांगली दोन बोटं खाली गेली. ट्रॅक्टरवाला हे सगळं शांतपणे बघत होता. म्हणाला, “सर, बरणी घेऊन बसलाय, पण डिझेल तर तेवढंच जळलं ना?” याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आणि भावात पन्नास रुपये त्यानेच कमी केले.

लोखंडाचा हिशोब मात्र मला सगळ्यात गोड वाटला. आठ मिलीमीटरची सळई, दोन्ही दिशांना सहा-सहा इंचांवर. दहा फुटांचे पंचवीस तुकडे आणि बारा फुटांचे एकवीस. बाजारात सळई येते चाळीस फुटी. चाळीसात दहाचे चार तुकडे बसतात, काहीच वाया जात नाही. बारा फुटांचे तीन बसतात आणि चार फूट उरतात. हे उरलेले तुकडे टाकायचे नसतात. भिंतींजवळ वरच्या बाजूला जी जादा सळई लागते, तिच्यात आणि खालच्या जाळीवर वरची जाळी उचलून धरणाऱ्या खुर्च्यांत ते खपतात. असे चौदा नग, वर दोन जादा. आठ मिलीमीटरच्या एका नगाचं वजन पावणेपाच किलो, सोळांचे झाले शहात्तर किलो. दुकानदाराने वजनाने दिले तरी नग मोजून घ्यावेत. आणि जाळीखाली वीस मिलीमीटरचे कव्हर ब्लॉक ठेवावेत. खडीचे दगड सरकवून काम भागवलं की सळई फळीवर टेकते; पुढे दहा पावसाळ्यांत ती गंजते, फुगते आणि छताचा पापुद्रा पाटावर बसलेल्या माणसाच्या ताटात येतो.

आता बेरीज. तेरा गोण्या, 380 च्या भावाने, 4,940. खडी 2,000. वाळू 2,500. लोखंड आणि बांधायची तार मिळून 4,740. मालाचा एकूण खर्च 14,180. इथे काका समाधानाने मागे टेकले. पण पुढची पानं उलटायची होती.

सेंट्रिंगवाला म्हणाला, चौरस फुटाला चाळीस, पण दोनशे फुटांच्या आत काम असेल तर उक्ते आठ हजार. त्याच्या फळ्या, टेकू आणि माणसं आणण्या-नेण्याचा खर्च स्लॅब मोठा की छोटा हे बघत नाही. मिक्सर आणि गँग, सात हजार. गँग अर्ध्या दिवसात मोकळी होणार होती, पण दुसरीकडचं काम तिला त्या दिवशी मिळणार नव्हतं. व्हायब्रेटरचं भाडं पाचशे. मजुरी झाली 15,500, म्हणजे मालापेक्षा जास्त. वर नारळ, पेढे, चहा आणि गँगच्या जेवणाचे 1,320. आमच्याकडे स्लॅबच्या दिवशी गँगला नुसती डाळ-भाकरी वाढली तर स्लॅब गळतो, अशी समजूत आहे. ती कोणी पसरवली याचा मला अंदाज आहे.

एकूण 31,000. चौरस फुटाला 258. त्यात सिमेंट सोळा टक्के. ज्या गोणीवरून आठवडाभर घर पेटलं, ती 380 रुपयांची, म्हणजे एकूण खर्चाच्या सव्वा टक्क्याची. काकांनी मग दुसरी वाट काढली: स्लॅब चार इंची करू. कागदावर एवढ्या छोट्या खोलीला चार इंच चालूनही जातात, पण टेकूंच्या फळ्या कुठे अर्धा इंच वर राहिल्या, कुठे घोटाई खोल गेली, की चारचे साडेतीन होतात, आणि कव्हर जाऊन आतल्या सळईला उरतं काय? शिवाय एक इंच वाचवून माल वाचतो दीड हजाराच्या आसपास. सेंट्रिंगवाला आणि गँग एक रुपया सोडत नाहीत.

पैसा खरा वाया जातो तो ज्याचा भाव नसतो त्या पाण्यात. गोणीला पंचवीस लिटर पाणी, रंगाच्या वीस लिटरच्या डब्याने सव्वा डबा, आणि वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. पण सव्वा डब्याचा माल घमेल्यातून जड सरकतो. म्हणून मिक्सरवरचा पोरगा दर वेळी उरलेला पाऊण डबाही ओततो. माल पातळ होतो, पटापट पसरतो, सगळे खूश. थोड्या वेळाने वर पाणी तरंगतं, त्याबरोबर सिमेंटही वर येतं आणि खाली खडी उरते. वाळलं की वरून भुकटी निघते आणि केसासारख्या चिरा पडतात. मिस्त्री त्या दिवशी मिक्सरशेजारीच उभे राहिले. पोरगा डबा उचलायचा, ते नुसतं “हं” म्हणायचे. त्या हुंकाराची मजुरी हिशोबात कुठे धरावी, हे मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडेने मातीचं आळं करून पाणी साठवलं. पिशवीवर पोझोलानाचं सिमेंट लिहिलेलं, म्हणजे किमान दहा दिवस तरी पाणी ठेवायचं, आम्ही पंधरा ठेवलं. त्यात चिमण्या आंघोळ करायच्या, काका त्यांना मोजायचे. टेकू तीन आठवड्यांनी निघाले.

उरली पाव ब्रास वाळू. ती फुगली की सुकली, कोणी मोजली नाही. समोरच्या अण्णांनी चार घमेली ओट्यासाठी नेली, मग आणखी चार. शनिवारी ते फर्मा मागायला आले. काकांनी विचारलं, “ओट्याला सिमेंट किती लागणार?” अण्णा म्हणाले, “तीन गोण्या.” काका लगेच म्हणाले, “दोन.” मी चहा ठेवायला आत गेलो.