अव्वल काकाजी

कळंबच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गावात त्यांना सगळे 'अव्वल काकाजी'च म्हणतात. मध्यंतरी सरकारनं त्या पदाचं नाव बदलून 'सहायक महसूल अधिकारी' केलं. काकाजींनी बातमी दोनदा वाचली, पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "पाटी बदलली. टेबल तेच हाय."

त्यांचं स्वतःचं टेबल आता घरच्या ओसरीवर आहे. त्यावर आवक-जावक नोंदवही, टाचण्यांची डबी, शाईचा पॅड आणि एक शिक्का, ज्यावर नुसतं 'स्थळप्रत' असं लिहिलंय. किराणा दुकानात मुलाच्या हाती चिठ्ठी जाते तीही रीतसर. 'विषय: तुरीची डाळ दोन किलो पुरविणेबाबत. संदर्भ: आपल्याशी झालेले तोंडी बोलणे.' काकूंनी जेवायला हाक मारली की काकाजी 'येतो' म्हणत नाहीत. 'नोंद घेतली' म्हणतात आणि अर्ध्या तासानं येतात. लेकीनं फोनवर विचारलं, "बाबा, दिवाळीला येता ना?" त्यावर व्हॉट्सॲपवर आलेलं उत्तर तिनं जपून ठेवलंय: 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर बाब विचाराधीन आहे.'

असा एक माणूस महाराष्ट्रात तालुक्यागणिक असतो. कुठं तो निवृत्त हेडमास्तर असतो, कुठं ग्रामसेवक, कुठं कोर्टाबाहेरचा अर्जनवीस. साऱ्या गावाचे अर्ज त्याच्या हातून जातात आणि त्यामुळं साऱ्या गावाची भाषा एकाच सहीची असते. बारावीतल्या पोरीचा बसच्या पासचा अर्ज आणि ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचा मोजणीचा अर्ज दोन्ही 'सविनय सादर' होतात आणि दोघंही शेवटी 'आपला आज्ञाधारक' असतात. पोरीच्या अर्जातलं 'आपला' तसंच राहतं, कारण नमुना तसाच आहे.

काकाजींचं इंग्रजी हा वेगळा विषय. ते नोकरीला लागले तेव्हा कचेरीत एक बडेबाबू होते, मध्यप्रांत-वऱ्हाडच्या राजवटीत टाइपरायटरवर बसलेले. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 चा, म्हणजे कागदोपत्री मराठी केव्हाच आलेली. पण बडेबाबूंची बोटं साहेबाच्या इंग्रजीत घडलेली होती. 'आय बेग टू स्टेट', 'एन्क्लोज्ड हिअरविथ', 'काइंडली डू द नीडफुल अँड ऑब्लाइज'. हीच पुंजी त्यांनी काकाजींच्या हवाली केली. गोऱ्या अधिकाऱ्यांच्याही पत्राखाली तेव्हा 'युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट' असे. पुढं विलायतेत ही भाषा मागं पडली. आपल्याकडं मात्र ती पेन्शनीत निघाली नाही, मुदतवाढीवर मुदतवाढ घेत राहिली.

कळंबच्या चिंतामणीला जायचं तर पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावं लागतं. काकाजींचा अर्जही तसाच. 'माननीय', 'महोदय', 'सविनय', 'उपरोक्त', 'सदर' अशा पायऱ्या उतरता उतरता वाचणाऱ्याचा दम जातो, तेव्हा कुठं खाली मजकुराचं दर्शन होतं. देवळात निदान खाली देव असतो. काकाजींच्या अर्जात खाली 'योग्य ती कार्यवाही व्हावी' एवढंच असतं.

हे उघड झालं ते गेल्या नोव्हेंबरात. काकाजींच्या वावरात सरकारी योजनेतला तीन एचपीचा सौर पंप आहे. तो 18 नोव्हेंबरला बंद पडला. चणा पेरलेला, आता फुलोऱ्यात येईल, आणि फुलोऱ्याचं पाणी चुकलं की घाटे धरत नाहीत हे पोराटोरांनाही माहीत. काकाजींनी पंपाच्या कंपनीला मेल केला. 'रिस्पेक्टेड सर' पासून सुरुवात, मग आपण ज्येष्ठ नागरिक असल्याचा उल्लेख, मग शेतकऱ्याच्या हालाखीवर एक परिच्छेद, आणि शेवटी 'काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट'. पंप कुठला, कुठं आहे, काय झालंय, यातलं काही नाही.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. ग्राहक क्रमांक, पंपाचा नंबर आणि बिघाडाचा फोटो पाठवा. खाली एका मुलीचं नाव. काकाजींनी उत्तर दिलं, 'रिस्पेक्टेड सर, आपले पत्र मिळाले. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.' चार दिवसांनी कंपनीचा मेल आला की तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

"कशी काढली? पंप तं बंदच हाय!" काकाजी चिडले. पण 'निकाली' हा शब्द त्यांच्या मनात घर करून होता. स्वतःच्या नोकरीत त्यांनीही अशी प्रकरणं निकाली काढलेली होती.

त्याच आठवड्यात नात एका लग्नाला म्हणून आली. ती पुण्यात एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी वाचायचंच काम करते. तिनं दोन्ही मेल वाचले आणि कपाळाला हात लावला नाही, हे तिचं मोठेपण. म्हणाली, "आबा, असे मेल मी रोज वाचते. माझ्यासमोर यादी असते. मोटार, कंट्रोलर, प्लेटा, पाइप. त्यातलं एक निवडलं की तक्रार त्या माणसाकडं जाते. त्या यादीत 'नीडफुल' नसतं ना. मग मी तुम्हाला प्रश्न विचारते. तुम्ही उत्तर दिलं नाही की ठरलेल्या दिवसांनी तक्रार आपोआप बंद होते."

"मंग आदर दाखवायचाच नाही का?"

"त्या मुलीला दोनदा सर म्हटलं, हा आदर का?"

काकाजी गप्प. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या अर्जांवर 'महोदय/महोदया (लागू नसेल ते खोडावे)' असं यायला लागलं, पण ते पुढचं.

आजोबा-नातीनं मिळून लिहिलेला मेल मी पाहिला, कारण वावरातला फोटो माझ्या फोननं काढला. विषयाच्या ओळीतच सगळं होतं: तीन एचपी पंप 18 नोव्हेंबरपासून बंद, 5 डिसेंबरच्या आत मेकॅनिक हवा, कळंब, जिल्हा यवतमाळ. मग त्या मुलीला नावानं नमस्कार, आणि लगेच, 'माझ्या पहिल्या मेलला तुम्ही दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलंत, आभार. तुम्ही मागितलेली माहिती ही घ्या.' ग्राहक क्रमांक, पंपाचा नंबर, कंट्रोलरच्या पडद्याचा फोटो. त्याखाली नातीनं आबांना विचारून तीन गोष्टी घातल्या. फोटो सकाळी अकराला कडक उन्हात काढलाय, मेन स्विच चालू आहे, विहिरीत पाणी आहे. कंपनी फोनवर पहिले तीन प्रश्न हेच विचारते, आणि प्रत्येक प्रश्नाला एक दिवस जातो. मग चण्याचं एका ओळीत. शेवटी, 'मेकॅनिक कोणत्या दिवशी येईल ते बुधवारपर्यंत कळवाल का? वावर नागपूर रस्त्यापासून आत आहे, मी रस्त्यावर घ्यायला येईन.'

काकाजींना ती शेवटची ओळ फार लागली. "घ्यायला येईन म्हणजे? मी साहेबाले घ्यायलेही रस्त्यावर गेलो नाही कधी." पण ठेवली. बदल्यात त्यांनी एकच अट घातली, विषयाच्या ओळीत जावक क्रमांक. नातीनं तो घालू दिला.

मेकॅनिक 4 डिसेंबरला आला. कंट्रोलरची वायर उंदरानं कुरतडलेली. पाच वर्षांची हमी होती, पण उंदीर हमीत बसत नाही, त्यामुळं वायरचे पैसे काकाजींनी दिले आणि पावती घेतली. चण्याला पाणी मिळालं.

आता नातीला चेव आला. काकाजींच्या फेरफाराचा अर्ज तहसीलला जायचा होता, तोही तिनं नव्या चालीत बांधला. 'नमस्कार मॅडम, आशा आहे आपण छान असाल.' इथं मात्र काकाजी उठून उभे राहिले. "बाई छान असल्या अन् उद्या त्यांची बदली झाली, मंग? अर्ज खुर्चीले असते, माणसाले नाही. नावानं धाडला तं पुढचा साहेब म्हणन, हे त्यायचं खासगी पत्र."

म्हातारा बरोबर होता. कंपनीतल्या मुलीला नाव असतं, तहसीलदाराला पद असतं. शिवाय 'आशा आहे आपण छान असाल' हे काय दुसरं? पंधरा वर्षांनी कुणाची तरी नात त्यालाही हसेल. नीडफुलसारखंच, न वाचता पुढं जायचं वाक्य.

मग काकाजींनी ट्रंकेतून एक पिवळा कागद काढला. जुन्या कलेक्टरांचं तहसीलदारांना आलेलं अर्धशासकीय पत्र, त्याची प्रत. वर टाइप न करता शाईनं लिहिलेलं 'प्रिय', पुढं नाव, खाली 'आपला' आणि सही. मधे चार ओळी: अमुक गावच्या पाणीटंचाईचा प्रस्ताव इतक्या तारखेपासून तुमच्याकडं आहे, तुम्ही स्वतः लक्ष घालून शुक्रवारपर्यंत पाठवा. एवढंच. "हे पत्र आलं का अख्खी कचेरी हालायची," काकाजी म्हणाले. "कावून, तं त्यात नाव होतं, काम होतं अन् वार होता." नातीनं तो कागद उलटसुलट पाहिला. तिच्या कंपनीनं दोन दिवसांचं शिबिर घेऊन जे शिकवलं ते आबांच्या ट्रंकेत नॅप्थलीनच्या गोळीशेजारी पडून होतं. वरिष्ठ खाली लिहिताना गोड, नेमकं आणि थोडक्यात लिहितात. खालचा वर लिहितो तेव्हाच त्याला पायऱ्या लागतात.

फेरफाराच्या अर्जावर मग तह झाला. वर 'मा. तहसीलदार, कळंब' राहिलं, 'सविनय' एकदाच राहिलं, 'उपरोक्त' आणि 'सदर' गेले. पहिल्याच वाक्यात गट नंबर, फेरफार नंबर आणि काय दुरुस्त करायचं ते. 'योग्य ती कार्यवाही' खोडताना काकाजींचा हात थांबला होता, हे मी पाहिलं.

नात पुण्याला गेली. काकाजींच्या ओसरीवर आता अर्जाला आलेल्या माणसाला आधी तीन प्रश्न विचारले जातात: कोणाले, काय, कधीपर्यंत? परवा एक आजीबाई आल्या. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे तीन महिने आलेले नाहीत. बँकेत म्हणतात, खात्याला आधार जोडलेलं नाही. काकाजींनी लिहायला घेतलं. कोणाले ते ठरलं, काय ते ठरलं, आणि 'कधीपर्यंत'ला आजी अडल्या.

"साहेबाले तारीख सांगू नका बाप्पा. रागावतीन. मायबाप लिवा, हात जोडते म्हणा."

काकाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सरळ हुकूम करणारी भाषा ज्याला परवडते त्याला परवडते. आजीला ती परवडत नव्हती, आणि हे पुण्याच्या शिबिरात कुणी शिकवत नाही. त्यांनी 'सविनय' लिहिलं, 'हात जोडून विनंती' लिहिलं, मायबापही लिहिलं. पण त्याच्या आधी, पहिल्या ओळीत, कोणत्या तीन महिन्यांचे पैसे थकले ते, खात्याचे शेवटचे चार आकडे आणि बँकेनं काय सांगितलं ते. तारखेच्या जागी त्यांनी लिहिलं, 'काय झाले ते पुढच्या सोमवारी विचारायला मी येईन.' आजीचा अंगठा घेतला, दोन प्रती केल्या, एकीवर 'स्थळप्रत'चा शिक्का मारला.

"अन् रागावले तं?" आजीनं दारातून विचारलं.

"रागावू दे," काकाजी म्हणाले. "या कागदावर पोच घेतल्याबिगर हालू नको तिथून. शिक्का, सही अन् तारीख. तीनही पाह्यजे."