दोन ओळींचे टाचण चार रकान्यांत बसविण्याची रीत

ज्या गुरुजींची हयात वर्गात गेली त्यांचे टाचण बहुधा दोन ओळींचे असते, आणि ज्यांना ते तपासावयाचे असते त्यांना उद्दिष्टे, कृती, साहित्य व मूल्यमापन असे चार रकाने भरलेले हवे असतात. तेव्हा दोन्ही पक्षांचे समाधान व्हावे म्हणून सदरहू रीत सिद्ध केली आहे. नमुन्यादाखल अड्याळच्या एका गुरुजींचे, पऱ्हे टाकण्याच्या दिवसांतले, सहावीच्या विज्ञानाचे टाचण घेऊ. ते बरहुकूम असे: ‘धानाचे बी साध्या पाण्यात, मग मिठाच्या पाण्यात. जास्त का तरंगले ते विचारणे.’

हे वाचून हसू नये. धान पिकविणारा शेतकरी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकतो, वर आलेले पोचट दाणे काढून फेकतो, आणि तळाशी बसलेले भरदार बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवितो. तो सगळा व्यवहार या दोन ओळींत आहे. रकान्यांत मात्र तो आपोआप उतरत नाही.

बहुतेक लोक आरंभ साहित्यापासून करतात, कारण ‘खडू, फळा, तक्ता’ हे शब्द लिहिताना हात अडखळत नाही. येथे तसे करू नये. कृती मनात एकदा संपूर्ण करून पाहावी आणि जी वस्तू हातात घ्यावी लागली तेवढीच लिहावी: काचेचे भांडे, अर्धा लिटर पाणी, पंधरा ग्रॅम मीठ, न पाखडलेले मूठभर बी, आणि एक काडी. या काडीची उपेक्षा करणाऱ्यांचा पाठ हमखास बुडतो. कारण कोरड्या दाण्याच्या तुसास हवेचे बुडबुडे चिकटतात, न ढवळल्यास भरदार दाणाही वरच राहतो, आणि ज्याच्या घरचे बी वर्गात आणले तो बिचारा विद्यार्थी सर्वांदेखत खजील होतो.

उद्दिष्टाच्या रकान्यात ‘विद्यार्थ्यास घनतेची संकल्पना समजते’ असे लिहिण्याचा मोह फार मोठा असतो. परंतु समजणे ही क्रिया तपासणीस आलेल्या साहेबांच्या खुर्चीवरून दिसत नाही, आणि, खरे सांगायचे तर, गुरुजींच्या टेबलावरूनही दिसत नाही. म्हणून सांगणे, निवडणे, अंदाज करणे अशी नजरेस पडणारी क्रियापदे योजावीत. अध्यापक विद्यालयांत ज्ञान, आकलन, उपयोजन व कौशल्य या उद्दिष्टांखाली स्पष्टीकरणे लिहविली जात, ती याचसाठी. त्याही आधीच्या पिढीने हर्बार्टची पंचपदी घोकली. मूळच्या हर्बार्टने पायऱ्या चारच सांगितल्या होत्या, पाच त्याच्या शिष्यांनी केल्या, त्यामुळे वरून आलेल्या नमुन्यात दरसाल एखादा रकाना वाढला तर ते परंपरेस धरूनच आहे असे समजावे.

आता या रीतीतले एकमेव गुपित. चौथा रकाना सर्वांत शेवटी नव्हे, तर सर्वांत आधी भरावा. 2010 पासून महाराष्ट्रात आकारिक मूल्यमापनाची आठ साधने आहेत, त्यांपैकी ‘तोंडी काम’ एवढे दोन शब्द लिहून निश्चिंत होणारे पुष्कळ. पण कोणता प्रश्न आणि त्याचे कोणते चुकीचे उत्तर येईल, हे लिहिल्यावाचून तो रकाना रिकामाच असतो. आमच्या पाठात चुकीचे उत्तर ठरलेले आहे. साध्या पाण्यात तळाशी बसलेले काही अर्धवट भरलेले दाणे मीठ टाकून ढवळताच वर येतात, आणि वर्गातून आवाज उठतो, ‘गुरुजी, मिठानं दाणे हलके झाले!’ दाणा होता तसाच आहे. तेवढ्याच मापाचे पाणी मात्र मिठामुळे जड झाले, हे त्या मुलाच्या ध्यानी आलेले नाही.

एवढे कागदावर आले की उरलेले रकाने आपसूक मार्गी लागतात. उद्दिष्ट असे होते: ‘मीठ घातल्यावर अधिक दाणे का तरंगले याचे कारण विद्यार्थी दाण्याच्या नव्हे, पाण्याच्या बदलावरून सांगतो.’ कृतीत एक पायरी वाढते, ती अशी की वर आलेला दाणा काढून, धुऊन, पुन्हा साध्या पाण्यात टाकून ढवळावा. तो परत तळाशी गेला म्हणजे वाद मिटतो. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत याला पाच मिनिटे राखून ठेवावीत, नाहीतर घंटा होते आणि मुले हलके दाणे घेऊन घरी जातात.

याप्रमाणे गुरुजींच्या दोन ओळींचे पानभर टाचण तयार झाले, रीतसर सहीसाठी गेले, आणि आठवड्याने लाल शाईचा शेरा घेऊन परतले: ‘साहित्यातील काडीचे प्रयोजन स्पष्ट करावे.’