आधी आधार, मग नमस्कार

आमच्या भागातल्या पॅथॉलॉजी लॅबच्या व्हॉट्सअ‍ॅपवर स्वागताचा निरोप लिहून ठेवणाऱ्या महोदयांस,

स. न. वि. वि. घाबरू नका, या नमस्काराच्या बदल्यात मी तुमची जन्मतारीख मागणार नाही.

शनिवारी संध्याकाळी तुमच्या नंबरवर मी फक्त ‘नमस्कार’ लिहिलं. लगेच उत्तर हजर: ‘आपले स्वागत आहे! कृपया पूर्ण नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर, पत्ता आणि आधार कार्डाचा फोटो पाठवा.’ ज्या नंबरवरून मी लिहिलं, तो तुमच्या स्क्रीनवर दिसतच होता. पण खात्री केलेली बरी, नाही का? मला विचारायचं एवढंच होतं की एचबीए१सी तपासणीला उपाशीपोटी यावं लागतं का. ‘नाही, जेवून या,’ असं तुमच्या काउंटरवरच्या ताईंनी नंतर फोनवर सांगितलं, तेही माझं नाव न विचारता. त्यांना जरा समज द्या.

कुणाला काय हवंय हे कळण्याआधीच त्याच्याकडून काय घ्यायचं, हे तुम्हाला कसं कळतं, हे कोडं मला सुटलेलं नाही. लॅब रविवारी उघडी असते का, असं विचारणाऱ्याची कुठलीच माहिती लागत नाही. घरी येऊन रक्त घ्यायचं असेल तर पत्ता लागतो. नमुना घेताना नाव, वय, लिंग लागतं, कारण हिमोग्लोबिनसारख्या तपासणीची सामान्य पातळी त्यावर ठरते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही हेच आहे: ज्या कामासाठी संमती घेतली, त्या कामाला लागेल तेवढीच माहिती. त्यात उदाहरणही तुमच्याच शेजारचं आहे. फोनवरून वैद्यकीय सल्ला देणारं अ‍ॅप रुग्णाच्या मोबाइलमधली नंबरांची यादी मागतं; सल्ल्याला ती लागत नाही, म्हणून त्या यादीपुरती संमती धरायची नाही. तुमच्याकडे तर अजून कामच ठरलेलं नाही.

आणि ते आधारचे फोटो जातात कुठे? काउंटरवरच्या त्या सामाईक मोबाइलच्या गॅलरीत. सकाळपाळीचा मुलगा, दुपारच्या ताई, गेल्या महिन्यात सोडून गेलेले सगळे त्यात डोकावलेले. काही हुशार लोक मग जन्मतारीख १ जानेवारी ठोकून देतात. हीच तारीख पुढे रिपोर्टवर गेली, की वय चुकतं आणि शेजारच्या रकान्यातली सामान्य पातळीही चुकू शकते.

तुम्हाला कष्ट नकोत म्हणून मजकूर मीच लिहून देते: ‘नमस्कार. वेळ, तपासणीची तयारी, घरी नमुना की रिपोर्ट, काय हवंय ते लिहा.’ रिपोर्ट म्हणणाऱ्याकडून पावती क्रमांक मागा, घरी बोलावणाऱ्याकडून पत्ता. आधार मागायचा अगदीच मोह झाला, तर ते कोणत्या तपासणीला लागतं हे कंसात लिहा. कंस भरेपर्यंत मी वाट पाहते.

आपली,
एक अनोळखी (आणि तशीच राहू इच्छिणारी) ग्राहक