नमस्कार सर, एक विचारायचं होतं

मावळातल्या कुठल्याही मोठ्या शाळेत जा, मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारच्या टेबलामागे भाऊसाहेब बसलेले सापडतात. कागदोपत्री ते कनिष्ठ लिपिक. पण त्यांना तोंडावर लिपिक म्हणणारा माणूस बहुधा तपासणीला आलेला असतो. एरवी पालकांचे ते भाऊसाहेब, मुलांचे ‘ऑफिसातले सर’, आणि पगारबिलाच्या आठवड्यात शिक्षकांचे ‘अहो भाऊसाहेब, तेवढं बघा की’. टेबलावर गोल शिक्का, वाळत आलेलं स्टॅम्पपॅड, सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेला स्टेपलर आणि हाताशी जनरल रजिस्टर. स्टेपलरला सुतळी का, असं विचारणाऱ्याने आधीचे तीन स्टेपलर कुठे गेले ते सांगावं, असं त्यांचं म्हणणं.

पालक खिडकीशी यायचे तेव्हा भाऊसाहेबांना फारसं विचारावं लागत नसे. पायजम्याला चिखल म्हणजे लावणी सोडून आलेला, याला आधी मोकळं करायचं. अंगात कंपनीचा शर्ट आणि डोळ्यांत झोप म्हणजे तळेगावच्या एमआयडीसीतली रात्रपाळी. सोबत मूल असलं तर नाव विचारायचाही प्रश्न नाही. मग शाळेने मोबाइल घेतला, ‘पालक मदत क्रमांक’ म्हणून तो नंबर फळ्यावर लिहिला आणि फोन भाऊसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये आला. त्या दिवसापासून पालकांचे चेहरे गेले आणि ‘हाय’ आलं.

‘हाय’ एकटंच येतं. मागोमाग काही येत नाही. शाळेने शेकडो पालकांचे नंबर नावासकट साठवलेले नसतात, त्यामुळे पडद्यावर दिसतो दहा आकडी नंबर आणि पालकाने स्वतःला दिलेली पदवी: ‘राजे’, ‘किंग’, ‘आईचा आशीर्वाद’. फोटोत तिकोना किल्ला, नाहीतर शर्यतीचा बैल. बैलाच्या फोटोवरून विद्यार्थी शोधण्याची सोय जनरल रजिस्टरात नाही.

रजिस्टरात नावावरूनही पटकन शोधता येत नाही, हे पालकांच्या गावी नसतं. त्यांना वाटतं, ऑफिसात सगळं असतं. असतं, पण ते मूल शाळेत दाखल झालं त्या क्रमाने लिहिलेलं असतं. आडनावांच्या क्रमाने नव्हे. म्हणून 1990 च्या आसपास शाळा सोडलेला गृहस्थ ‘सर, माझा दाखला हरवलाय, मिळेल का’ एवढंच विचारतो तेव्हा भाऊसाहेबांपुढे काही जाडजूड वह्या आणि बरीच धूळ असते. त्याने दाखल झाल्याचं किंवा शाळा सोडल्याचं साल सांगितलं की एकच वही काढावी लागते. सध्याच्या मुलांचं काम इयत्ता आणि तुकडी कळली की हजेरीपटावरून निभतं. पण ‘आर्यनचा पप्पा बोलतोय’ याने काहीच निभत नाही. हल्ली प्रत्येक वर्गात आर्यन असतो, काही वर्गांत दोन असतात, आणि गावात निम्मी घरं एकाच आडनावाची असली की आडनाव सांगूनही दोघे आर्यन जागच्या जागी राहतात. वडिलांचं नाव आलं की मगच एकजण हलतो.

मागच्या पावसाळ्यातलं एक प्रकरण भाऊसाहेब नव्या शिपाईमामांना धडा म्हणून सांगतात. कामशेतहून तळेगावला लोकलने येणाऱ्या मुलाचे वडील. सोमवारी रात्री पावणेदहाला ‘हाय’. दहा वाजता ‘सर आहात का’. मंगळवारी ऑफिस उघडल्यावर भाऊसाहेबांनी लिहिलं, ‘नमस्कार, बोला.’ तोवर गृहस्थ पाळीवर गेलेले, फोन कंपनीच्या लॉकरमध्ये. संध्याकाळी ऑफिस बंद झाल्यावर त्यांचं उत्तर: ‘पासचं विचारायचं होतं.’ बुधवारी भाऊसाहेब: ‘कोणता? एसटीचा की लोकलचा?’ बुधवारी रात्री: ‘लोकल.’ गुरुवारी: ‘नाव?’ गुरुवारी रात्री गृहस्थांनी नाव पाठवलं, ते स्वतःचं. शुक्रवारी मुलाचं नाव मागितल्यावर घरातलं लाडाचं नाव आलं. शनिवारी सकाळची शाळा. भाऊसाहेबांनी ‘इयत्ता, तुकडी?’ विचारलं, त्यावर उत्तर मिळालं, ‘सातवी. तुकडी त्याला विचारून सांगतो.’ जुना पास सोमवारीच संपला होता. पोरगा आठवडाभर रोज तिकीट काढत होता, आणि घरी चर्चा होती की शाळेवाले काही दाद देत नाहीत.

गंमत म्हणजे या प्रकरणात कोणीच आळशी नव्हतं. दोघेही रोज उत्तर देत होते. फक्त एकाच्या हातात फोन असायचा तेव्हा दुसऱ्याचा कुलपात असायचा, त्यामुळे एका प्रश्नोत्तराला एक दिवस पडत होता. सवलतीच्या फॉर्मवर भाऊसाहेबांना लिहायचं होतं मुलाचं नाव, जन्मतारीख, कुठून कुठे आणि महिन्याचा पास की तिमाही. जन्मतारीख रजिस्टरात होती. बाकीचं सगळं सोमवारी रात्रीच्या ‘हाय’च्या जागी मावलं असतं.

हेच वडील तारेच्या जमान्यात असते तर असं वागले नसते. तारेला शब्दाप्रमाणे पैसे पडत. ‘नमस्कार, कसे आहात, एक सांगायचं होतं’ अशी तार कोणी केली नाही. कोण, कुठे, काय आणि कधी निघायचं, एवढं पोस्टाच्या खिडकीशीच ठरायचं. जुलै 2013 मध्ये तार बंद झाली, मेसेज फुकट झाले, आणि माणसं पहिला शब्द पाठवून दुसऱ्याचा विचार करू लागली.

अखेर भाऊसाहेबांनी नोटीस काढायचं ठरवलं. पहिला मसुदा त्यांच्या हाताला सवय होती तसा उतरला: ‘सर्व पालकांना सूचित करण्यात येते की, मदत क्रमांकावर संदेश पाठविताना आवश्यक तो तपशील नमूद करण्यात यावा, अन्यथा संदेशाची दखल घेतली जाणार नाही.’ मुख्याध्यापकबाईंनी वाचून विचारलं, ‘आवश्यक तो म्हणजे कोणता?’ भाऊसाहेब म्हणाले, ‘तो त्यांना कळायला नको का?’ बाई म्हणाल्या, ‘कळत असता तर नोटीस कशाला काढली असती?’

दुसरा मसुदा साधा झाला. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, शाळेत लागलंय तसं. इयत्ता आणि तुकडी. काय हवं आणि कशासाठी. कधीपर्यंत. आणि या चारही गोष्टी एकाच मेसेजमध्ये. ‘कशासाठी’वर काही पालक रागावले, आम्ही कुठेही वापरू, तुम्हाला काय करायचंय? पण बँकेत खातं काढायच्या बोनाफाईडवर जातीची नोंद नसली तरी भागतं, जातीच्या दाखल्याला जोडायच्या बोनाफाईडवर ती लागतेच. हे आधी कळलं नाही की पालक वडगावच्या तहसील कचेरीतून परत येतो आणि खिडकीवर कागद आपटतो.

‘एकाच मेसेजमध्ये’ हे शब्द भाऊसाहेबांनी दोनदा अधोरेखित केले, कारण आंदर मावळ. तिथे डोंगराच्या कुशीत गेलं की रेंज जाते. पालक वाटेत ‘हाय’ पाठवतो, ते पोचतं. मग घाट चढता चढता मुख्य मजकूर पाठवतो, त्याच्यापुढे घड्याळाची खूण येते आणि तो फोनमध्येच अडकून बसतो. शाळेत ‘हाय’, घरी मजकूर. दुसऱ्या दिवशी रेंजमध्ये आल्यावर तो सुटतो, आणि त्यात लिहिलेलं असतं, ‘आज मुलीला अर्ध्या सुट्टीत घरी सोडा.’

म्हणून पाचवी ओळ आली: आज, उद्या, परवा लिहू नये, तारीख लिहावी. या ओळीला पावसाचाही आधार आहे. 25 जुलै 2024 ला अतिवृष्टीमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी मावळासह जिल्ह्याच्या बऱ्याच भागांतल्या शाळांना सुट्टी दिली होती. अशा दिवसांच्या आदल्या रात्री ‘उद्या शाळा आहे का?’ या एका प्रश्नाने फोन गरम होतो. त्यातला रात्री पावणेबाराचा ‘उद्या’ भाऊसाहेब सकाळी वाचतात तेव्हा तो ‘आज’ झालेला असतो, त्यांनी ‘हो, उद्या आहे’ लिहिलं तर तो परवा होतो, आणि एखादं पोर लोणावळ्याच्या पावसात छत्री उलटी झालेली घेऊन बंद फाटकापाशी उभं राहतं.

सहावी ओळ बाईंनी घातली. मूल घरी पोचलं नाही, आजारी आहे, शाळेची गाडी आली नाही, अशा वेळी मेसेज करू नये, फोन करावा. आणि आधार कार्डाचा फोटो कोणी मागितल्याशिवाय पाठवू नये. ही ओळ यायच्या आधी एका मातोश्रींनी गाडी न आल्याची तक्रार अडीच मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमध्ये केली होती. त्यात मागे कुकरच्या तीन शिट्ट्या स्वच्छ ऐकू येत होत्या. थांब्याचं नाव तिसऱ्या शिट्टीखाली गेलं होतं.

नियम वाचून लोक तसं लिहीत नाहीत, नमुना दिला की लिहितात, हे बाईंना तीस वर्षं निबंध तपासून ठाऊक होतं. म्हणून नोटिशीखाली नमुना छापला: ‘कु. अबक, इयत्ता सातवी ब. लोकलच्या पाससाठी सवलतीचा फॉर्म हवा. कामशेत ते तळेगाव, तिमाही. जुना पास 14 तारखेला संपतो. वडील संध्याकाळी सहानंतर फोन उचलतील.’

नमुना जोरात चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रॉवर उघडला तर कु. अबक हिला सवलतीचा फॉर्म हवा असल्याचे मेसेज वेगवेगळ्या नंबरांवरून आले होते, सगळ्यांना कामशेत ते तळेगाव, त्यात काही पालक लोणावळ्यात राहणारे. एका काकांनी नोटिशीचाच फोटो ‘ओके सर’ लिहून परत पाठवला. एका आजोबांनी कळकळीने विचारलं, अबक ही कोणाची मुलगी, इतकी अडचण असेल तर पासाचे पैसे आपण भरू.

भाऊसाहेबांनी मात्र पंधरा दिवसांनी कबूल केलं की काम हलकं झालं. आता निम्म्याहून जास्त मेसेज पहिल्याच खेपेला पुरे असतात, फॉर्म त्याच दिवशी तयार होतो आणि मूल मधल्या सुट्टीत घेऊन जातं. ‘हाय’ पूर्ण थांबलेलं नाही. त्याला भाऊसाहेब आता ‘बोला’ म्हणत नाहीत. त्या सहा ओळी पाठवतात आणि ड्रॉवर लावून घेतात. सातवी ओळ त्यांनी कालच हाताने वाढवली आहे आणि ती ज्यांच्या मुलांची शाळा सुरू आहे अशा सर्वांनी ध्यानात ठेवावी: नमुन्यातलं अबक खोडून तिथे आपल्या मुलाचं नाव लिहावं.