एकच मेल, एकच निष्ठा

बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी लागली की माणसाला गळ्यात घालायचे ओळखपत्र मिळते आणि कंपनीच्या नावाचा मेल आयडी मिळतो. ओळखपत्र तो घरी गेल्यावर खुंटीला अडकवतो. मेल आयडी मात्र काही थोर कर्मचारी चोवीस तास अंगावर बाळगतात. त्यांचे कौतुक व्हायचे राहून गेले आहे.

असा एक कर्मचारी समजा इंदापूरहून रोज जाऊन-येऊन नोकरी करतो आणि खरेदी विभागात बसतो. बँकेचे स्टेटमेंट, आयकर खात्याची पत्रे, म्युच्युअल फंडाचा हिशेब, सगळे कंपनीच्या मेलवर. धाकट्या बहिणीच्या बायोडेटावर संपर्कासाठी तोच पत्ता, कारण @ च्या पुढे कंपनीचे नाव दिसले की स्थळाकडची मंडळी जरा अदबीने बोलतात. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाबद्दल दाजींशी आणि वकिलांशी चाललेला पत्रव्यवहारही तिथेच, कारण सातबारा ऑफिसच्या स्कॅनरवर चांगला उमटतो. दुपारच्या डब्यानंतर तो पुण्यातल्या दुसऱ्या कंपनीला नोकरीचा अर्ज धाडतो, तोही याच पत्त्यावरून. नोकरी सोडण्याचा विचार मालकाला कळवण्याची इतकी सभ्य रीत दुसरी नाही.

‘पासवर्ड फक्त मला माहीत आहे,’ असे तो समाधानाने सांगतो. खरेच आहे. पण आयटी विभागातल्या पोराला तो पासवर्ड लागतच नाही. कंपनीने गुगलची व्यावसायिक सेवा घेतली असेल आणि तिच्यातले व्हॉल्ट चालू केले असेल, तर ज्याला अधिकार दिला आहे तो स्वतःच्या खुर्चीत बसून सगळ्यांच्या पेट्यांत एकदम शब्द शोधू शकतो आणि सापडलेले मेल उतरवून घेऊ शकतो. ज्याची पेटी चाळली त्याला याची सूचनाही जात नाही. डिलीट केलेला मेल कचऱ्याच्या डब्यात तीस दिवस राहतो, तिथून गेल्यावरही आणखी पंचवीस दिवस ॲडमिन तो परत आणू शकतो. व्हॉल्टमध्ये जपणुकीची मुदत ठरवलेली असेल, तर कर्मचाऱ्याने काहीही पुसले तरी मेल त्या मुदतीपर्यंत तिथे असतोच. आपला माणूस दर शनिवारी मनोभावे डबा रिकामा करतो. श्रद्धा म्हणतात ती हीच.

एरवी रोज उठून कोणी कोणाचे मेल वाचत बसत नाही, तेवढा वेळ कोणाला आहे? वाचायचा दिवस तक्रारीने येतो. एका पुरवठादाराला चढा दर दिला, असे निनावी पत्र येते. पुण्याहून ऑडिटवाले उतरतात आणि शोधाच्या चौकटीत त्या पुरवठादाराचे आडनाव टाकतात. आता इंदापूर-बारामतीत आडनावे ती किती असणार? दाजींचे आडनावही तेच. मग दर-पत्रकांच्या बरोबरीने बांधाचा वाद, आत्याचे हक्कसोडपत्र, बहिणीची पत्रिका आणि ‘तुम्ही नुसते साहेब झालात, दावा जिंकत नाही’ हे दाजींचे मत, असे सगळे छापून एका फायलीत लागते. पुरवठादाराशी काही लागेबांधे निघत नाहीत. नोकरीचा अर्ज मात्र निघतो. त्यातही ते आडनाव होते, ओळखीचा संदर्भ म्हणून.

इथे तो कायद्याचा दाखला देतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, हे त्याला पाठ आहे. हा हक्क प्रामुख्याने सरकारपुढे उभा करायचा असतो आणि कंपनी म्हणजे सरकार नव्हे, एवढाच तपशील राहतो. साखर कारखान्यात असतो तर, असे कोणी म्हणेल. आमच्या भागात कारखाना आणि सरकार यांतला फरक डोळ्यांनी दिसतोच असे नाही. पण केरळातल्या थलप्पलम सहकारी बँकेच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने साधारण सहकारी संस्था म्हणजे शासन नव्हे, असे सांगून ठेवले आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ संगणकात परवानगीशिवाय शिरण्याला मनाई करते. परवानगी कोणाची? मालकाची किंवा ज्याच्या ताब्यात यंत्रणा आहे त्याची. कंपनीच्या मेलच्या बाबतीत ती कंपनीचीच. शिवाय नेमणूकपत्राबरोबर आलेल्या नियमावलीत ‘यंत्रणेवर देखरेख ठेवली जाईल’ असे वाक्य बहुधा असते, आणि त्याखाली आपल्या माणसाची झोकदार सही असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमातही नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची वाट ठेवलेली आहे.

युरोपात लोक जरा हट्टी. बुखारेस्टमध्ये बार्बुलेस्कू नावाच्या विक्री अभियंत्याने मालकाच्या सांगण्यावरून ग्राहकांसाठी याहू मेसेंजरचे खाते उघडले होते. जुलै २००७ मध्ये त्याला विचारणा झाली. खाते फक्त कामासाठी वापरतो, असे त्याने लेखी दिले. मालकाने पंचेचाळीस पानांची नक्कल समोर ठेवली; त्यात भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी झालेले अगदी खासगी बोलणे होते. १ ऑगस्टला नोकरी गेली. दहा वर्षे भांडल्यावर ५ सप्टेंबर २०१७ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने अकरा विरुद्ध सहा मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. खासगी वापराला बंदी असली तरी देखरेख किती आणि कशी होणार हे आधी सांगायला हवे होते, असे कोर्ट म्हणाले. मनस्तापाबद्दल वेगळी रक्कम दिली नाही, निकाल हीच भरपाई.

कोतेपणाचे खरे उदाहरण अमेरिकेत सापडते. न्यू जर्सीतल्या एका बाईंनी कंपनीच्याच लॅपटॉपवरून, पण स्वतःच्या पासवर्डबंद याहू खात्यातून वकिलाला मेल केले. कंपनीच्या वकिलांनी ते लॅपटॉपमधून उकरून वाचले, तरी २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची गोपनीयता राखली. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या बाईंचे संरक्षण गेले, कारण त्यांनी वकिलाला कंपनीच्या मेलवरून लिहिले होते. आपल्याकडेही वेगळ्या खात्याने चित्र पालटते. त्या खात्याची परवानगी द्यायचा अधिकार कंपनीकडे राहत नाही, आणि लबाडीने दुसऱ्याचा पासवर्ड वापरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र ते खाते ऑफिसच्या संगणकावर उघडून पासवर्ड तिथेच साठवला की बरीचशी खबरदारी पाण्यात जाते, कारण त्या पडद्यावरही कंपनीची देखरेख असू शकते. ते स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर उघडावे लागते. एवढी यातायात पुण्याच्या माणसाने करावी.

आपला माणूस तसले काही करत नाही. राजीनाम्याच्या दिवशी संध्याकाळी सहाला त्याचे खाते बंद होते. बँकेचा पत्ता बदलायला जावे, तर खातरजमेचा आकडा जुन्या मेलवर. म्युच्युअल फंडाचा तोच नियम. आयटीच्या पोराला फोन केला, तर तो नम्रपणे म्हणतो, “साहेब, आता तुमच्या मेलला मीच हात लावू शकत नाही. वरून लेखी आणा.” दरम्यान कंपनीने त्या पत्त्यावर येणारे सगळे त्याच्या जागी आलेल्या भिगवणच्या पोराकडे वळवलेले असते, म्हणजे ग्राहक खोळंबायला नको. पोरगा कामसू आहे. दाजींनी वाटपाचा अंतिम मसुदा पाठवला, तेव्हा त्याने त्याच दिवशी उत्तर दिले: दर जास्त वाटतात, कृपया सुधारित कोटेशन पाठवावे.