वाफाळती खारी

बेकरीमालकाला हल्ली जे प्रस्तावाचं पत्र येतं, त्याचा मसुदा वाचकांना पाठ असेलच. 'आदरणीय सर, आपल्या ब्रँडची स्टोरी आम्ही जगासमोर नेऊ.' दरमहा 30 एआय व्हिज्युअल्स, सणावारांचे क्रिएटिव्ह्ज मोफत, आणि मालकाने पाठवायचं काय, तर फक्त लोगो. माल नको, फोटो नको, साधी दरपत्रिकासुद्धा नको. सोबत नमुना म्हणून खारीचं एक चित्र जोडलेलं असतं. लाकडी पाट, त्यावर विनाकारण भुरभुरलेला मैदा, बाजूला गव्हाच्या चार ओंब्या (कापणी बहुधा काउंटरमागेच झाली असावी), मधोमध खारी म्हणून ठेवलेला फ्रेंच क्रोसाँ, आणि त्यातून निघणारी वाफ. बाकी सगळं सोडून देऊ. क्रोसाँलाही माफ करू, कारण यंत्राने ज्या ढिगाऱ्यातून बेकरी पाहिली त्यात पॅरिस भरपूर आणि पेठा कमी. वाफेचं मात्र सोडता येणार नाही.

खारीत वाफेचं काम भट्टीच्या आत असतं. मैद्याच्या लाटलेल्या पिठावर वनस्पती तूप किंवा मार्गरिन लावून घड्यांवर घड्या घालतात. भट्टीच्या आचेत पिठातल्या पाण्याची वाफ होते, तुपाच्या थरांमुळे तिला सहज वाट मिळत नाही आणि ती पदर उचलून धरते. खारी फुगते ती यामुळे. पण खारी तिथे संपत नाही. आच कमी करून ती सावकाश वाळवावी लागते, आतल्या पदरातलं पाणी निघून जाईपर्यंत. ते राहिलं की खारी वरून खरपूस आणि आतून चिवट होते. मग ती पुरती गार होऊ द्यायची आणि त्यानंतरच डब्यात भरायची, कारण कोमट खारी बंद केली तर तिचीच वाफ तिला मऊ पाडते. थोडक्यात, काउंटरवरच्या खारीतून वाफ येत असेल तर ती कच्ची आहे. म्हणजे हे पत्र मालकाला सांगतं, की महिन्याचे पैसे भरा, तुमचा माल बिघडलेला आहे हे आम्ही गावभर सुंदर रंगांत सांगतो. तीच वाफ नानकटाईवर निघते, जी भट्टीतून काढल्याकाढल्या उचलली तर बोटात भुगा होते आणि निवल्यावरच घट्ट होते. तीच स्लाइस ब्रेडवर निघते, जो गरम कापला तर सुरीला गिच्च चिकटतो आणि गरम पिशवीत भरला तर बुरशीला आमंत्रण देतो. पाव गरम विकतात हे खरं, पण पत्रातल्या पावावर तीळ असतात आणि चारही बाजूंना कडक, चकचकीत कवच असतं. लादीतून तोडलेल्या पावाची पांढरी, लुसलुशीत कड त्या चित्रकाराच्या स्वप्नातही नाही.

यावर म्हणतील, जाहिरातीत पूर्वीपासूनच लबाडी चालते, आइस्क्रीम म्हणून बटाट्याचा लगदा ठेवतात. ठेवतात, पण ठेवणाऱ्याला आइस्क्रीम कसं दिसतं हे ठाऊक असतं. त्याची लबाडीसुद्धा माहितीवर उभी असते. इथे अज्ञान आहे, आणि त्याचं मासिक पॅकेज केलं आहे! दुसरा आक्षेप असा, की यंत्राला 'वाफ नको' असं सांगितलं की झालं. एक तर अशा चित्रयंत्रांना 'अमुक नको' म्हटलं की अनेकदा तेच अमुक हटकून येतं. आणि मुख्य म्हणजे, सांगणार कोण? वाफ नको हे ज्याला कळतं त्याने आयुष्यात एकदा तरी खारी मोडून पाहिलेली असते. ज्याला फक्त लोगो हवा आहे त्याला भट्टीत काय चालतं याची पर्वाच नाही. पहाटे उठून पीठ मळणाऱ्याच्या गल्ल्यातून पैसे घ्यायचे आणि त्याचा माल बघायचीही तसदी घ्यायची नाही, याला सेवा म्हणायचं? गिऱ्हाईक चित्र पाहून क्रोसाँ मागायला येईल तेव्हा तोंड मालकाला द्यावं लागेल, आणि वस्तूचं खोटं वर्णन करणारी जाहिरात 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल ठरते, ती मालकाच्याच नावाने.

राहिला खर्चाचा मुद्दा, की छोट्या बेकरीला छायाचित्रकार परवडत नाही. न परवडू दे, लागतच नाही. वरची ट्यूबलाइट बंद करायची, ट्रे दाराच्या उजेडाशी आणायचा, उजेड एका बाजूने पडू द्यायचा. एक खारी मधोमध मोडून पदर कॅमेऱ्याकडे करायचे आणि फोन खारीच्या उंचीला धरायचा, कारण वरून काढलेल्या फोटोत पदर दिसतच नाहीत. ट्रेमध्ये पडलेला चुरा पुसू नये, खारी कुरकुरीत असल्याचा तो एवढा एकच पुरावा फोटोत येतो. काउंटरवरचा पोरगा हे दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात करेल, आणि त्याला लोगो पाठवावा लागणार नाही.