‘णारा’ लावा आणि गप्प बसा

बोदवडात स्पर्धा परीक्षेचा क्लास चालवणाऱ्या माणसाला दोन गोष्टी याव्या लागतात, मराठी व्याकरण आणि पोरांची समजूत काढणं. व्याकरण निदान पुस्तकात छापलेलं असतं. समजुतीचं मात्र दर रविवारी सराव परीक्षेआधी नव्यानं जमवावं लागतं. जामठी, शेलवडकडून येणारी ही पोरं पहाटे सोळाशे मीटर धावतात, गोळा फेकतात आणि छाती फुगवून दाखवतात. पण फळ्यावर ‘प्रयोग ओळखा’ एवढं लिहिलं, की तीच छाती पार पाठीला टेकते.

त्यामुळे पेपर वाटण्याआधी मी छोटंसं भाषण करतो. ‘घाबरू नका’ असं त्यात चुकूनही म्हणत नाही. तसं म्हटलं, की ज्याला अजून घाबरायचं सुचलेलं नसतं त्यालाही ते आठवतं. त्यापेक्षा मी फळ्यावर एक वाक्य लिहितो: ‘मला भीती वाटते.’

“कर्ता कोण?”

“मी!” सगळा वर्ग एकदम.

“नियम काय सांगतो? क्रियापदाचा धातू घ्या, त्याला ‘णारा, णारी, णारे’ लावा आणि ‘कोण’ किंवा ‘काय’ विचारा. धातू ‘वाट’. वाटणारी काय?”

“भीती,” पहिल्या बाकावरची मुलगी म्हणते.

“म्हणजे कर्ता भीती. भीतीच्या जागी ‘आनंद’ घाला, क्रियापद लगेच ‘वाटतो’ होतं. ते तिच्या तालावर नाचतं, तुमच्या नाही. या वाक्यात तुम्ही कोपऱ्यात ‘ला’ लावून बसलेले पाहुणे आहात. जे करायचं ते भीती करतेय. करू द्या तिला. तुम्ही पेपर सोडवा.”

भाषाशास्त्राची मंडळी अशा वाक्यात अनुभव घेणाऱ्या ‘मला’लाच कर्ता मानायला तयार असतात, हे मी वर्गात सांगत नाही. परीक्षेच्या दिवशी मो. रा. वाळंबे यांच्यापलीकडे जाऊ नये. दोन तज्ज्ञांचा वाद ऐकून पोरगं सुधारत नाही, त्याचे मार्क जातात.

हे सगळं छान जमत आलेलं असतं, तेवढ्यात मागच्या बाकावरून हात वर येतो. “सर, पोटात मयमयून राह्यलं.”

आमच्याकडं ‘ळ’ जिभेवर फार वेळ टिकत नाही. केळी ‘केयी’ होतात, डोळे ‘डोये’ होतात आणि परीक्षेच्या दिवशी पोटसुद्धा ‘मयमयतं’. वर्ग हसला. मला मात्र खजिना सापडल्यासारखं झालं. कारण पोटात मळमळणं हे व्याकरणाच्या पुस्तकातलं जुनं, मानाचं उदाहरण आहे.

“बेटा, मळमळणारं कोण?”

त्यानं पोटाकडं बघितलं. “पोट?”

“‘पोटात’ म्हणालास. ते ठिकाण झालं, करणारा नव्हे. मळमळणारं कोण?”

“कोनीच नाही, सर.”

“बरोब्बर! ‘मळमळते’, ‘उजाडले’, ‘सांजावले’, ‘गडगडते’ ही भावकर्तृक क्रियापदं. यांना वेगळा कर्ता नसतो. प्रयोग अकर्तृक भावे. आता हा प्रश्न पेपरात आला, तर वर्गात कुणाचा चुकेल, पण तुझा चुकणार नाही.” पोरगं खाली बसलं. मळमळ थांबली की नाही ते मी विचारलं नाही, पण तिचा प्रयोग ओळखता आल्यामुळे तिच्याकडं बघण्याची त्याची नजर बदललेली दिसली.

मग येतो भाषणाचा मुख्य भाग. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत 100 गुणांना 90 मिनिटं मिळतात. म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. एवढ्या वेळात अंदाज बांधत बसायचं नसतं, शब्द बदलून बघायचे असतात. मी फळ्यावर लिहितो: ‘शेतकऱ्याने कापूस विकला.’

“आधी कर्ता बदला. शेतकऱ्याच्या जागी त्याची बायको घाला. ‘बायकोने कापूस विकला.’ क्रियापद हललं?”

“नाही.”

“मग कर्म बदला. कापसाऐवजी केळी.”

“‘केळी विकली.’ हललं, सर!”

“कर्माबरोबर हललं म्हणून कर्मणी. कर्त्याबरोबर हललं असतं तर कर्तरी. आता दुसरं. ‘व्यापाऱ्याने शेतकऱ्याला फसवले.’ व्यापाऱ्याच्या जागी दलाल घाला, अडत्या घाला, अख्खी बाजारपेठ घाला.”

“फसवले.”

“शेतकऱ्याच्या जागी त्याची बायको घाला, सगळं गाव घाला.”

“फसवले, सर. कोणालेबी फसवलेच.”

“हा भावे प्रयोग. यात क्रियापद कर्त्याचं ऐकत नाही आणि कर्माचंही नाही. कापसाच्या भावासारखं ते आपल्या जागी आपल्या मर्जीनं बसतं, नपुंसकलिंगी एकवचनी.” बापाच्या कापसाची गाडी बाजारात नेलेल्या पोरांना यापुढं समजावावं लागत नाही.

एवढं झालं, की कुणीतरी हुशार पोरगा शॉर्टकट काढतो. “सर, ‘ने’ दिसला की कर्तरी नाही. आनि ‘ने’ नाही दिसला की कर्तरी. बस!” ‘ने’ कर्त्याला लागलेला असेल, तर पहिलं अर्धं बरोबर आहे. दुसऱ्या अर्ध्यात पेपर काढणाऱ्यानं सापळा लावून ठेवलेला असतो. मी दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहितो: ‘मी नियम पाठ केला’ आणि ‘मी नियम विसरलो’. दोन्हीकडं ‘ने’ नाही, दोन्हीकडं ‘मी’ आणि ‘नियम’, दोन्ही भूतकाळातली. शॉर्टकट दोन्हींना कर्तरी म्हणून मोकळा होतो.

“‘मी’च्या जागी मुलगी आणा.”

“‘तिने नियम पाठ केला.’ सर, ‘ने’ आला!”

“तो ‘मी’मध्ये लपला होता. ‘मी’ आणि ‘तू’ प्रथमेत असोत की तृतीयेत, दिसायला सारखेच. आणि क्रियापद?”

“तसंच ऱ्हायलं. नियमाऐवजी कविता घातली तर ‘केली’. कर्मणी.”

“दुसऱ्यात?”

“‘ती नियम विसरली.’ लगेच हललं. कर्तरी.”

“बघा. पाठ करताना क्रियापद नियमाच्या मागं चालतं. विसरताना ते तुमच्या मागं येतं. विसरण्याचं कर्तेपण पूर्णपणे तुमचं. ‘विसरणे’, ‘शिकणे’, ‘भेटणे’ अशी थोडीच क्रियापदं कर्म असूनही भूतकाळात कर्त्याला सोडत नाहीत. ती पाठ नसतील तरी चालेल. शब्द बदलून बघितलेत, की आपोआप सापडतील.”

एरवी भाषण इथं संपतं आणि मी पेपरांचा गठ्ठा उचलतो. या रविवारी मात्र धावण्यात पहिला येणारा, पण वर्गात कधी तोंड न उघडणारा पोरगा उभा राहिला.

“सर, नियम समदे पटले. पन पेपर फुटला त काय करायचं?”

वर्ग गप्प झाला. डिसेंबर 2021 मध्ये म्हाडाची भरती परीक्षा आदल्या रात्री उशिरा पुढं ढकलली गेली, तेव्हाच्या गोष्टी या पोरांनी मोठ्या भावांकडून ऐकल्या आहेत. या प्रश्नाला वाळंब्यांकडं उत्तर नाही आणि माझ्याकडंही नाही. माझ्याकडं फक्त खडू होता. मी फळ्यावर लिहिलं: ‘पेपर फुटला.’

“‘णारा’ लावा. फुटणारा कोण?”

“पेपर,” सगळे म्हणाले.

“कर्ता?”

“पेपर.”

“कर्म?”

“नाही, सर. अकर्मक.”

“प्रयोग?”

“कर्तरी!”

सगळ्यांचं उत्तर बरोबर होतं. तो पोरगा मात्र अजून उभाच होता. “म्हंजी पेपर आपल्या आपन फुटतो, सर? ‘चोराने पेपर फोडला’ असं लिवलं त?”

“तर तो कर्मणी.”

“मंग बातमीत तसं काऊन लिवत नाही?”

मी त्याला म्हटलं, हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही, खाली बस. आणि घड्याळ लावून पेपर वाटले.